सदऱ्याने घेतलेला पीळ

डिंकताई दार कोपराने उघडतात. चहाचा कप कडेला दोन बोटांत धरतात, कुणी हात पुढे केला तर लांबूनच मान हलवतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, बाईंना भारी गर्व आहे. गर्व नाही, सवय आहे. बोटांना जो अदृश्य तेलकटपणा असतो तो धातूला लागला की डिंक धरत नाही. एकोणीस वर्षं कामावर काही लागू दिलं नाही, त्यामुळे आता घरीही कशाला हात लागत नाही.

"कपाला काय खरूज झालीय का?" सासूबाई रोज विचारतात. डिंकताई रोज "नाही" म्हणतात. तेवढ्यावर दोघींचं बरं चाललं आहे.

कारखाना पंपांचे शाफ्ट बनवतो. चाळीस मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी दांडा, त्यावर ब्राँझची नळी. नळीचा बाहेरचा व्यास साठ. पंपाच्या पाण्यात पोलाद गंजतं, ब्राँझ तग धरतं, म्हणून ही सोय. दांड्याची दोन टोकं उघडी राहतात, मोटर आणि पंप तिथे जोडले जातात. दांडा आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. ती फट डिंकताईंची. दोन डब्यांतली दोन रसायनं वजन करून मिसळायची, धातू खरवडून आणि धुऊन घ्यायचा, नळी सावकाश फिरवत चढवायची आणि भट्टीत ठेवायची. एकदा धरलं की सुटत नाही.

या नळीला कारखान्यात कुणीही नळी म्हणत नाही. सदरा म्हणतात. "सदरा चढवलात का?" "हा सदरा आखूड आलाय." हे नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नाही. आतला दांडा काम करतो, वरचा सदरा त्याला पाण्यापासून झाकतो, हे सगळ्यांना इतकं पटलेलं होतं की त्यावर बोलायची वेळच कधी आली नव्हती.

वेळ आली ती तीन शाफ्ट परत आले तेव्हा. तिन्हींच्याही सदऱ्याला चीर गेली होती, आणि तिन्हींची चीर एकाच जागेहून निघाली होती: वर्षभरापूर्वी सदऱ्याला नव्याने पाडलेल्या एका भोकापासून. पाणी उडवणारी चकती जागेवर राहावी म्हणून तिचा स्क्रू त्या भोकात बसत असे. भोकापासून निघून चीर तिरकी, गोल जिन्यासारखी नळीभोवती चढत गेली होती.

मोठ्या साहेबांनी डिंकताईंना बोलावलं. टेबलावर एक फुटका शाफ्ट आणि एक छापील कागद होता. कागदावर दोषाचं कारण लिहायला दोन चौकोन होते: 'चिकटवणी' आणि 'यंत्रकाम'.

"भोक मापात आहे, मी मोजून घेतलंय," साहेब म्हणाले. "म्हणजे यंत्रकाम सुटलं. राहिलं काय?"

"डिंक," ताई म्हणाल्या.

"डिंक सुटला, सदरा ढिला झाला, हलला, फुटला. सरळ आहे. इथे सही करा."

"केली तर काय होईल?"

साहेब उगाच गोड बोलणारे नव्हते. "चिकटवणी बंद करू. सदरे बाहेरच्या कारखान्यातून गरम करून चढवून घेऊ. तुम्हाला पॅकिंगमध्ये घेईन. खोके चांगले चिकटवाल."

विनोद होता की सोय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ताईंनी पेन उचललं नाही. त्या शाफ्टकडे वाकून पाहत राहिल्या.

"साहेब, ढिला सदरा फुटेल कशाला?"

"म्हणजे?"

"तो ढिला असेल तर दांडा आत फिरेल आणि सदरा नुसता वर बसून राहील. ज्याला कुणी पिळलंच नाही, त्याला पिळाची चीर कशी जाईल?"

"पिळाची चीर आहे हे कुणी सांगितलं?"

"तिरकी आहे ना. खडू पिळून बघा, असाच तुटतो."

साहेबांनी खडू मागवला नाही. त्यांनी एक दिवस दिला.

घरी त्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं की सुनेने कप मुठीत धरलाय. त्या म्हणाल्या, "कामावरून काढून टाकलं का?"

"अजून नाही."

"मग कप नीट धर. फोडशील."

सकाळी डिंकताई चाचणीच्या खोलीत गेल्या. तिथल्या माणसाला पीळमास्तर म्हणतात, दोन्ही अर्थांनी. दिवसभर ते शाफ्ट पिळतात आणि मधल्या वेळात माणसांना. त्यांच्या यंत्राच्या एका टोकाला शाफ्ट घट्ट आवळला जातो, दुसऱ्या टोकाला लांब दांडी आणि तिच्यावर वजनं. कागदावर ज्याला टॉर्क लिहितात तो पीळ असा दिला जातो.

"मास्तर, मला चार शाफ्ट पिळून हवेत. एक नुसता दांडा. एक डिंक न लावता सदरा चढवलेला. एक माझा, चांगला. आणि एक फुटका."

"तुम्हाला सांगतो ताई, पिळण्याचं असं आहे..."

"आधी पिळा. मग सांगा."

मास्तरांनी हे बायकोकडूनही ऐकलेलं असावं. ते कामाला लागले. सदरा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, त्याला लागूनच उघड्या दांड्यावर त्यांनी एकेक मीटरभर लांबीचा काटा बांधला. दोन काट्यांच्या टोकांत जेवढा फरक पडेल, तेवढा मधला अर्धा मीटर पिळला. वजनं प्रत्येक वेळी तीच.

तोवर ड्रॉइंगच्या खोलीतून रेघवाले आले. शाफ्ट त्यांनीच आखला होता, भोकही त्यांचंच. अंगाने बारीक, खिशात तीन पेन्सिली. मोठे साहेब त्यांच्यामागे येऊन दाराशी थांबले.

नुसता दांडा: काटे बारा मिलिमीटर सरकले. डिंकाशिवाय सदरा: पुन्हा बारा. सदरा पाहुण्यासारखा बसून होता.

"दिसलं? सदऱ्याने काय फरक पडतो?" साहेब म्हणाले.

चांगला शाफ्ट चढला. मास्तरांनी तीच वजनं टांगली. काटे चार मिलिमीटरवर थांबले.

"वजन राहिलं का?" रेघवाल्यांनी विचारलं.

"वजन मी एकवीस वर्षं टांगतोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी वजनं उतरवून पुन्हा टांगली. चार.

मग फुटका. काटे पाचावर थांबले. चिरेमुळे थोडा सैल, पण बाराच्या जवळपासही नाही.

"डिंक सुटला असता तर बारा आले असते," ताई म्हणाल्या.

रेघवाल्यांनी भिंतीला कागद टेकवून गणित मांडलं. दोन्ही धातू चिकटलेले, म्हणजे दोघांनाही सारख्याच कोनातून पिळलं जायचं. एकाने जास्त आणि दुसऱ्याने कमी, असं चालत नाही. मग तेवढ्या कोनातून वळवायला ज्याला जास्त जोर लागतो, तो जास्त पीळ घेतो. ब्राँझ पोलादाच्या निम्मंच ताठ. पण पिळाच्या बाबतीत धातू मध्यापासून किती लांब आहे, याला फार मोल. हे मोल व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. चाळीसचा दांडा एक, तर साठची नळी चार. चाराचे निम्मे दोन.

"दोनास एक," ते म्हणाले. "पिळाचे तीन वाटे केले तर दोन सदऱ्याकडे, एक दांड्याकडे." आणि मग, "टोकांना दांडा एकटाच असतो, तिथे सगळा पीळ त्याचा. मी सगळीकडे तसंच धरलं होतं. मी सगळा पीळ पोलादाला दिला होता."

"तुम्ही दिलात," ताई म्हणाल्या. "त्याने घेतला नाही."

"ब्राँझ मजबूत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्याच्याकडे इतका पीळ जाईलच कशाला?" रेघवाले म्हणाले.

"मजबूत कोण, हे पीळ विचारतच नाही ना, जो ताठ त्याच्याकडे जातो. माझ्या घरीही असंच आहे," मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी पुढे सांगितलं, "तेवढ्या पिळानेही अखंड ब्राँझ फुटलं नसतं. एरवी ताण वाट्याला येईल तसा पसरतो. भोकाच्या काठावर मात्र तो चौपट गोळा होतो. आणि पंप दिवसातून वीस वेळा सुरू-बंद. चीर तिथूनच निघणार."

रेघवाल्यांनी भोकाकडे पाहिलं. "सदराच तर आहे म्हणून पाडलं. सदऱ्याला काज पाडायला कोण विचारतं?"

दोन्ही हात पाठीमागे बांधून मोठे साहेब पुढे आले. त्यांनी फुटक्या शाफ्टची चीर बोटाने चाचपली. ताईंनी नाइलाजाने ते पाहिलं.

"म्हणजे बाई," ते हळू म्हणाले, "तुमचा डिंक खरोखरच सुटला असता, तर सगळा पीळ दांड्याने घेतला असता."

"हो."

"दांड्याला तो सोसला असता?"

"टोकांना सोसतोच आहे," रेघवाले म्हणाले.

"आणि सदरा फुटला नसता."

"नसता," ताई म्हणाल्या.

"म्हणजे दोष तुमच्या चांगल्या चिकटवण्याचा."

"तसं लिहायचं असेल तर लिहा. सही करते."

साहेबांनी बराच वेळ विचार केला. ते खरंच लिहितील असं वाटण्याइतका. मग त्यांनी छापील कागद खिशातून काढून रेघवाल्यांच्या हातात दिला. "भोक बंद. चकती बाहेरून आवळून बसवा. आणि कारण भरा."

रेघवाल्यांनी दोन्ही चौकोन वाचले. कागद उलटा करून मागे पाहिलं, मागे कोरा होता. 'ड्रॉइंग' असा चौकोन हा कारखाना सुरू झाल्यापासून कुणाला लागला नव्हता.

त्यांनी तीन पेन्सिलींतली सर्वांत टोकदार निवडली, पट्टी मागितली आणि दोन छापील चौकोनांच्या खाली, अगदी त्याच मापाचा, तिसरा चौकोन आखला. कोपरे नव्वद अंशांचे आले. शेजारी 'ड्रॉइंग' लिहिलं, आत खूण केली आणि सही केली.

"माप नाही टाकलंत," मास्तर म्हणाले.

डिंकताई आपल्या खोलीत गेल्या. दार कोपराने उघडलं. भट्टीत सदरे चढवलेले दोन शाफ्ट कालपासून तयार होते. ते त्यांनी हातमोजे घालून बाहेर काढले आणि फळीवर ठेवले. बाहेर कुणीतरी ओरडत होतं, "ताई, सदरे झाले का?"

"नळ्या झाल्या," ताई म्हणाल्या.

"कसल्या नळ्या?"

ताईंनी एकदा दाराकडे पाहिलं. "सदरे. घेऊन जा. मधे हात लावू नकोस."