एकशे वीस

"कपात मैदा भरायचा नसतो गं, पडू द्यायचा असतो," असं सुगंधा साटम एकदा म्हणाल्या होत्या. हाताखालच्या मनालीने मान डोलावली आणि कप पुन्हा पोत्यात खुपसला.

बोरिवलीतल्या त्या केकच्या किचनमध्ये सुगंधाताईंना नऊ वर्षं झाली होती. नवरा गेला, मुलगा सुशांत बंगळुरूला राहिला. दिवसभरात त्यांना हाक मारणारी ही एकच जागा उरली. "मावशी, मैदा!" मैदा त्यांनीच मोजायचा. दुसऱ्या कुणी मोजला की केक कोरडा व्हायचा, वर भेगा पडायच्या. मावशींच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. त्या सुट्टीवर असल्या की फोन यायचा. त्या फोनसाठीच त्या अधूनमधून सुट्टी घेत, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मालकीण गार्गीने चेंबूरला दुसरं किचन घ्यायचं ठरवलं. तिथे मावशी नसणार, म्हणून सगळं ग्रॅममध्ये हवं होतं. एका दुपारी तिने ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि दोघींना मोजायला लावलं.

मनालीने पोत्यात कप खुपसून तीनदा मैदा काढला. एकशे बेचाळीस, एकशे पंचावन्न, एकशे अठ्ठेचाळीस. खुपसताना मैदा दाबला जातो, आणि दर वेळी वेगळा. सुगंधाताईंनी मैदा आधी सैल केला, चमच्याने अलगद कपात सोडला, सुरीच्या पाठीने वरचा उतरवला. एकशे वीस, एकशे एकवीस, एकशे वीस. साखर दोघींची दोनशेच्या आसपास भरली; दाणा दबत नाही. मनालीच्या कपात थंड बटरच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहिल्या, एकशे शहाण्णवच भरलं. मावशींनी मऊ बटर दाबून भरलं, दोनशे सव्वीस.

गार्गी हसली. "म्हणजे तीन कपांना ऐंशी-नव्वद ग्रॅम मैदा जास्त पडत होता. हातगुण कसला मावशी, काट्याचा खेळ आहे नुसता." तेवढ्यात तिचा फोन वाजला. आकडे तुम्हीच फळ्यावर लिहा, असं सांगून ती बाहेर गेली.

मनाली भांडी विसळत होती. सुगंधाताई मार्कर धरून उभ्या राहिल्या. मैदा एकशे पंचेचाळीस लिहिला तर चेंबूरचे केक फुटतील, फोन येत राहील. ते त्यांना स्पष्ट दिसलं. खरा आकडा लिहिला तर घरात गप्प पडून राहील तो मोबाइलही दिसला.

त्यांनी लिहिलं: एक कप मैदा १२०, साखर २००, बटर २२६.

मनालीने काट्यावर पातेलं ठेवलं, फळ्याकडे बघत तीन कपांचा तीनशे साठ ग्रॅम मैदा ओतला. तासाभरात केक निघाला. मऊ, सपाट, एक भेग नाही.

"झकास!" गार्गी आत येत म्हणाली. "मावशी, आता तुम्ही सुट्टीवर गेलात तरी आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही हं."

सुगंधाताईंनी एप्रन काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला. चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडल्या.