खालून वर वाचलेल्या मेल

दोन बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा इंदरगंजच्या आमच्या शाखेत झेंडूच्या माळा लागल्या, नव्या रंगाचे टाय वाटले गेले आणि वरून आलेल्या साहेबांनी ‘आता आपण एक परिवार’ असं भाषण केलं. मी बुडालेल्या बँकेतला. परिवारात सून म्हणून आल्यासारखा मागच्या रांगेत उभा होतो.

पुढच्या महिन्यात जुन्या बँकेची खाती नव्या प्रणालीत गेली आणि बऱ्याच पेन्शनरांचे मोबाइल नंबर चुकीचे चढले. ओटीपी भलत्याच माणसाकडे जायचा. हजीरा मोहल्ल्यातले एक आजोबा तर काउंटरवर रोज येऊन विचारत, ‘मेरा पैसा किसकी बीवी को बता रहे हो?’ तक्रारी क्षेत्रीय कार्यालयात गेल्या आणि तिथून आमच्या शाखेतल्या एका मुलीला स्पष्टीकरण मागणारा मेमो आला.

ती या हिंदी मुलखातल्या आमच्याच मराठी मंडळींतली, हरिशंकरपुरमला आमच्या मागच्या गल्लीत राहणारी. आमची आणि शेजारची, अशा दोन शाखांची एक होणार होती. मेमो फाइलला लागला असता, तर माणसं हलवताना पहिलं नाव तिचं निघालं असतं. घरी आई आजारी. बदली तिला परवडण्यासारखी नव्हती.

रविवारी लॅपटॉप घेऊन आली. ‘काका, बघा ना. मला सारखं वाटतंय सर माझ्यावर ढकलतायत. का मीच पागल झालीये?’

मी म्हटलं, ‘आधी बघू. वेड लागलं असेल तर तसं सांगेन.’

मेमोसोबत आलेली, आमच्या मॅनेजरांनी वर पाठवलेली मेलची लांबलचक साखळी होती. अशी साखळी खालून वाचायची, कारण सगळ्यात जुनं पत्र तळाशी असतं. मॅनेजरांची भाषा तुसडी होती, पण ती सगळ्यांशीच तशी. त्यावरून काही ठरत नाही. सीसीमध्ये वरचे साहेब घातले होते, तेही नियमाप्रमाणे. मी तिला तसं सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पडला.

मग एक गोष्ट टोचली. नव्या प्रणालीसाठी पेन्शनरांच्या नंबरांची यादी द्यायची होती, त्या सुरुवातीच्या मेलमध्ये मॅनेजर ‘आपण यादी पाठवू’ लिहीत होते. तक्रारी आल्यावर ‘तुम्ही पाठवलेली यादी’ झाली. शेवटी क्षेत्रीय कार्यालयाला लिहिताना ‘संबंधित अधिकाऱ्याने पडताळणी केली नाही’. माणूस तोच, यादी तीच.

‘यादी तुझ्या मेलवरून का गेली?’

‘ते नेहमी असंच करतात ना. सकाळी उभ्याउभ्या सांगतात, “बेटा, तुम डाल दो, तुम्हारी अंग्रेज़ी अच्छी है.”’

आमच्या शाखेचा हा रिवाजच होता. हुकूम तोंडी, सही दुसऱ्याची. आणि बेटा म्हणणाऱ्याला ‘लेखी द्या’ कोण म्हणणार?

‘आणि तू कधी काही हरकत घेतलीस?’

‘एकदा. लिहिलं होतं की पडताळणी अर्धीच झालीये, दोन दिवस द्या. सरांनी उत्तर दिलं, आज पाठवा, बाकी मी बघतो.’

वर पाठवलेल्या साखळीत त्या दोन मेल नव्हत्या. आधीच्या आणि नंतरच्या मेल जागच्या जागी होत्या, नेमक्या याच दोन मधून काढल्या होत्या. तिच्या ‘सेंट’मध्ये आणि ‘इनबॉक्स’मध्ये मात्र दोन्ही शाबूत होत्या.

‘काका, म्हणजे?’

‘म्हणजे तू पागल नाहीस. त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत नाही. काय कापलं ते दिसतंय, आणि तेवढं पुरे.’

सोमवारी मॅनेजरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. काच अर्धी उघडी होती. ‘बेटा, मैंने जवाब बना दिया है. लिख दो, चूक हो गई, आगे ध्यान रखूँगी. बात ख़तम.’

‘सर, चूक कौन सी?’

‘अरे, फ़ॉर्मैलिटी है.’

‘फ़ॉर्मैलिटी है तो आप लिख दीजिए.’

बाहेर आम्ही दोघांतिघांनी एकदम पासबुकं छापायला घेतली.

तिनं स्वतःचं उत्तर लिहिलं. मी फक्त विशेषणं काढली: ‘अन्यायकारक’ गेलं, ‘जाणूनबुजून’ गेलं. उरलं ते एवढंच: अमुक तारखेला मी पडताळणी अपूर्ण असल्याचं कळवलं, त्याला हे उत्तर आलं, पूर्ण साखळी जोडली आहे, आधीच्या साखळीत या दोन मेल नाहीत. मॅनेजरांनाही प्रत.

दुपारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. ‘यह सब आपने सिखाया है?’

‘सिखाया नहीं, पढ़ा है. आप भी पढ़ लीजिए, आपकी ही लिखी हुई है.’

‘परिवार में ऐसे नहीं होता.’

‘परिवार में मेमो भी नहीं आता, साहब.’

पुढच्या आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयाचं पत्र आलं. मेमो रद्द झाला नाही. कार्यालयं स्वतःचा कागद मागे घेत नसतात. पण आता स्पष्टीकरण दोघांकडे मागितलं होतं, आणि मॅनेजरांचं नाव वर होतं. तिनं ते मला दाखवलं, हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर उभ्याउभ्या काहीतरी सांगू लागले, तेव्हा तिनं संगणकासमोरची खुर्ची ओढली आणि म्हणाली, ‘सर, मेल कर दीजिए, मैं कर दूँगी.’