ग्यानीरामचं इंग्रजी पुस्तक

रंजिता गजभिये तिरोड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि तळटीप चुकलेली दिसली की तिचं डोकं फिरायचं. मुलांच्या प्रकल्पात 'एका पुस्तकात म्हटले आहे' असं आलं की संपलंच. कोणतं पुस्तक, कोणाचं, कुठं छापलं, कितवं पान? स्टाफरूममध्ये तिला मागून 'पानवाली बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

दोन हजार बाराची गोष्ट. रंजितानं इंग्रजीत एक शोधनिबंध लिहिला, जवळच्या बोदलकसा भागातल्या गावतलावांचं पाणी पूर्वी कसं वाटलं जायचं यावर. हैदराबादच्या एका नियतकालिकाकडे तो पाठवला. बढतीच्या फाइलीत तेवढा एकच कागद कमी होता आणि फाइल जायला तीन महिने उरले होते.

निबंधाचा सगळा भार एका मराठी पुस्तिकेवर होता. 'गावतलाव आणि पाण्याची पाळी', पानं चाळीस, गोंदियात छापलेली, सन एकोणीसशे नव्व्याण्णव. लिहिणारे ग्यानीराम राहांगडाले. या माणसानं पस्तीस वर्षं गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं ते पाहिलं आणि म्हातारपणी सगळं लिहून काढलं. पाणी आधी शेवटच्या बांधीला द्यायचं, मग वर वर यायचं, हा त्यांच्या गावचा कायदा. का, तर स्वतःची पाळी यायची असते म्हणून तलावाजवळचा माणूस शेवटच्याचं पाणी मुरेपर्यंत आपोआप चौकीदारी करतो!

हे सगळं इंग्रजीत नेताना रंजितानं जिवाचं रान केलं. पुस्तिकेचं नाव रोमन अक्षरांत जसंच्या तसं मराठीच ठेवलं, शेजारी चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ दिला आणि शेवटी 'मराठीत' असा शेरा मारला. 'पाळी' हा शब्द तसाच ठेवून पहिल्या ठिकाणी समजावला. उताऱ्यांचं इंग्रजी स्वतः केलं, तसं स्पष्ट लिहिलं आणि मूळ मराठी टिपेत दिलं. राहिलं लेखकाचं नाव. त्यासाठी ती थेट ग्यानीरामच्या ओसरीवर जाऊन बसली.

"काकाजी, तुमचं आडनाव इंग्रजीत कसं लिहिता?"

म्हाताऱ्यानं मतदार कार्ड, पासबुक आणि विजेचं बिल आणून समोर ठेवलं. तिन्हीकडे वेगळं.

"हे त्यायनं लिवलन," ग्यानीराम तिन्ही कागद बाजूला सारत म्हणाले, "मी सही करतो थे माहं." आणि इंग्रजीत अशी झोकात सही ठोकली की पाहतच राहावं. रंजितानं तेच नाव घेतलं. माणूस स्वतः स्वतःला जसं लिहितो तसंच आपण लिहायचं, हा नियम ती वर्गात घसा फोडून सांगायची.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. निबंध तपासणाऱ्या अनामिक तज्ज्ञानं लिहिलं होतं, की लेखिकेनं एका अप्रसिद्ध देशी पुस्तिकेवर विसंबून या विषयावरचा सर्वमान्य इंग्रजी ग्रंथ पाहिलेलाच नाही. ही उणीव एका महिन्यात भरून काढावी, नाहीतर निबंध नाकारावा. खाली त्या थोर ग्रंथाचं नाव होतं. त्या इंग्रजी नावाचा अर्थ: गावतलाव आणि पाण्याची पाळी. लेखक, जी. राहांगडाले. गोंदिया, एकोणीसशे नव्व्याण्णव.

रंजितानं ते तीनदा वाचलं. आधी घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि मग जो संताप आला तो काही विचारू नका.

दोन दिवस ती संगणकासमोर ठाण मांडून बसली. त्या इंग्रजी ग्रंथाचा हवाला सात निबंधांत निघाला. सहा जणांनी तो एकमेकांच्या यादीतून उचललेला. एकानं तर पान एकशेबारा दिलं होतं. चाळीस पानांच्या पुस्तिकेचं एकशेबारावं पान! सगळ्यांच्या मुळाशी सातवे निघाले गोंदियाचे निवृत्त प्राध्यापक डॉक्टर धनेंद्र कटरे, सन दोन हजार तीन. त्यांनी मराठी नाव गाळून नुसता त्याचा इंग्रजी अर्थ पुस्तकाचं नाव म्हणून छापला होता. 'मराठीत' हा शेरासुद्धा नाही.

ती त्यांच्या घरी गेली. कटरे सरांनी चहा मागवला, कागद पाहिला आणि जराही वरमले नाहीत.

"अरे बेटा, यादीत मराठी नावं दिसली की बाहेरचे लोग आपल्याला हलकं समजतात. म्हणून मी अंग्रेजी करून टाकलं. तू पण तसंच टाक. नाव बदल, काम खतम. बढती घे."

"पण सर, तसं पुस्तकच नाही ना."

"कोण शोधायला जातो?"

खरं सांगायचं तर परतीच्या बसमध्ये रंजिताचं मन डळमळलं. एक ओळ बदलायची, बस. सात शहाण्यांनी केलंच आहे, आठवी मी. बढती हातची गेली तर पुढची संधी तीन वर्षांनी. पण मग ग्यानीरामची पुस्तिका शोधायला कोणी निघालाच, तर त्याला आयुष्यभर इंग्रजी पुस्तक शोधत बसावं लागलं असतं. मराठी पुस्तिका तर जगाच्या लेखी मेलीच असती. घरी न जाता ती ग्यानीरामकडे उतरली आणि सगळं सांगितलं.

 म्हातारा डोळे बारीक करून म्हणाला, "माहं इंग्रजी पुस्तक निघालन अन् मलेच मालूम नाही? काऊन बाई, एक प्रत तं मागव!"

"तेच करू," रंजिता म्हणाली.

संपादकाला उत्तर गेलं, अत्यंत नम्र. तज्ज्ञांनी सुचवलेला ग्रंथ महत्त्वाचा आहे यात शंका नाही. मात्र तो कोणत्याही ग्रंथालयात सापडत नाही, तरी तज्ज्ञांनी त्यातल्या कोणत्याही एका पानाची छायाप्रत पाठवावी. शक्यतो एकशेबाराव्या. सोबत मराठी पुस्तिकेचं मुखपृष्ठ आणि सातही हवाल्यांची यादी जोडली होती. शेवटी ग्यानीरामचं हस्ताक्षरातलं पत्र, त्याचं रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर. पत्रात एकच विनंती होती: 'माझे इंग्रजी पुस्तक मी पाहिलेले नाही. तुम्ही वाचले आहे, तर कसे झाले ते कळवावे.'

वीस दिवस रंजिताची झोप उडालेली. एकविसाव्या दिवशी संपादकाचं पत्र आलं. तज्ज्ञांनी आपला आक्षेप मागे घेतला आहे. निबंध एका अक्षराचाही बदल न करता स्वीकारला आहे. आणि त्या पुस्तिकेची एक प्रत संपादकांना विकत मिळेल काय?

रंजितानं ते पत्र हातात घेऊन स्टाफरूममध्ये अक्षरशः उडी मारली. पानवाली बाई उडी मारते हे पाहून प्राचार्यांनी चष्मा पुसला.

अंक आला तेव्हा तो घेऊन ती ग्यानीरामच्या घरी गेली. त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईला, लिहिता वाचता येत नव्हतं. रंजितानं इंग्रजी यादीतली ती ओळ बोटानं दाखवून मोठ्यानं वाचली. नाव, मग 'गावतलाव आणि पाण्याची पाळी'.

"अवो, हे तं आपलंच होय!" शकुंतलाबाई ओरडली. "इंग्रजीत आपलं बोलून राहिले!"

 ग्यानीराम अंक मांडीवर घेऊन त्या ओळीवरून हात फिरवत राहिले. रंजिताच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. कटरे सर होते. हैदराबादहून कोणी तरी त्यांना पुस्तिकेबद्दल सतरा प्रश्न विचारले होते आणि त्यांच्याकडे तर ती नव्हतीच. मुखपृष्ठ पाहून टीप लिहिली होती, आत काय आहे देव जाणे. एक प्रत तातडीनं मिळेल का?

रंजितानं फोनवर हात ठेवून ग्यानीरामला विचारलं. म्हातारा गालातल्या गालात हसला.

"सांग त्यायले, मराठी संपल्या. इंग्रजी वाचा म्हणा."