त्याचे शब्द, माझा सारांश

रत्नागिरीच्या कचेरीत हरिश्चंद्र भाषांतरकार होता. मराठी, इंग्रजी, हिंदी तिन्ही त्याला येत, आणि त्या येण्याचा त्याला मोठा दिमाख होता. कागद कितीही लांब असो, तो अर्ध्या पानात बसवी. पण त्याची एक शिस्त होती. माणसाने तोंडाने बोललेले वाक्य तो त्याच भाषेत ठेवी, खाली तांबड्या शाईने रेघ मारी आणि बाजूला इंग्रजीत अर्थ लिही.

चौतीस साली मुंबईहून एका बोटीच्या चौकशीचा कागद आला. लवू खलाशी वाऱ्यात डोलकाठीवरून पडून मेला होता. कचेरीच्या साहेबाला एवढेच ठरवायचे होते की तो हुकमाने चढला की आपल्या मनाने. हुकमाने असेल तर त्याच्या बायकोला, सगुणेला, भरपाई मिळणार होती.

कप्तानाने इंग्रजीत म्हटले होते, "ही वेंट अप ऑफ हिज ओन अकॉर्ड," म्हणजे तो आपल्या मनाने चढला. खलाशांच्या मुकादमाची, सारंगाची, जबानी हिंदीत होती, "कप्तान साब ने दो बार बोला, ऊपर जाओ." आणि त्याच जबानीप्रमाणे चढण्याआधी लवू सारंगाला मराठीत म्हणाला होता, "वारा वाईट हाय. सायब सांगतो म्हणून जातंय."

हरिश्चंद्राने तिन्ही वाक्ये जशीच्या तशी घेतली. शिरस्तेदारांनी कागद पाहून नाक मुरडले.

"साहेबाला ही खिचडी कशाला? इंग्रजी वाक्य राहू दे. बाकी दोन एका ओळीत घाल. खलाशांच्या म्हणण्याप्रमाणे काही हुकूम झाला असावा, असं लिही."

"पण रावसाहेब, मग कप्तान स्वतः बोलतो आणि लवूच्या वतीने आपण बोलतो."

"आणि बढतीचा कागद माझ्याकडे आहे, हेही लक्षात असू दे."

हरिश्चंद्राने नवी प्रत काढली. अक्षर सुरेख आले. खाली सही त्याचीच होती.

निकालात साहेबाने कप्तानाचे वाक्य अवतरणात उतरवले आणि सगुणेचा भरपाईचा अर्ज फेटाळला. खलाशांचे म्हणणे, त्याने लिहिले, मोघम आहे.

सगुणा कचेरीच्या पायरीवर बसून होती. हरिश्चंद्राने तिला निकाल समजावून सांगितला.

"म्हंजे ते आपल्या मनानं गेले?" तिने विचारले. "वाऱ्याला भिणारा माणूस तो. कायच बोलले नाय?"

त्याला खोटे बोलवेना. त्याने ते मराठी वाक्य सांगितले. एक अक्षर चुकले नाही.

सगुणा ते पुटपुटली. मग तिने त्याच्याकडे पाहिले.

"तुमाला तोंडपाठ हाय," ती म्हणाली, "मग सायबाला का नाय सांगितलंत?"

दिवाळीत हरिश्चंद्राला बढती मिळाली. पुढची वीस वर्षे त्याच्या सारांशाला कोणी नाव ठेवले नाही. तांबड्या शाईची दौत मात्र त्याने परत उघडली नाही.