घनमुळाला दिलेलं शून्य

पालघरच्या कॉलेजात मी गणित शिकवायचो. सातत्य असूनही विकलनीय नसलेल्या फलाचं उदाहरण द्या, हा प्रश्न मीच काढला होता. मला हवं होतं x चं केवल मूल्य, शून्यापाशी. तिथं आलेख तुटत नाही, पण टोक येतं. उजवीकडून चढ एक, डावीकडून उणे एक. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून त्या बिंदूला एकच असा चढ, म्हणजे विकलज, नाही. वर्गात मी पुढे जोडायचो, की टोक नसलेला अखंड आलेख विकलनीय असतो. ते चूक आहे. बरीच वर्षं मी तेच सांगितलं.

दातिवऱ्याच्या एका मुलीनं x चं घनमूळ लिहिलं. त्या आलेखाला टोक नाही. मी शून्य दिलं आणि तेवढ्यानं ती नापास झाली. पुढच्या शिक्षणाचा प्रवेश त्याच पेपरवर अडला होता.

ती आईला घेऊन स्टाफरूममध्ये आली. आई बाजारातून थेट आली होती, मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून.

"सर, चढ काढून बघा," मुलगी म्हणाली. "शून्यापासून h एवढं सरकलं, तर h चं घनमूळ भागिले h. म्हणजे एक भागिले h च्या घनमुळाचा वर्ग. h शून्याकडे नेला की ते वाढतच जातं, कुठं थांबत नाय. मग विकलज कुठला?"

"तिथं स्पर्शिका आहे ना?"

"हाय. पण ती उभी हाय."

"आहे म्हणतेस, मग विकलजही आहे."

शेजारचे सर हसले. "घ्या, आता तुम्ही हिच्या वर्गात बसा."

आई म्हणाली, "परत एकदा बघा की सर. पोर खोटं नाय बोलत."

"बघितलंय, बाई."

त्या गेल्यावर मी भागाकार मांडला. उभ्या रेषेला चढ नसतो. मुलीचं बरोबर होतं. गुणपत्रक अजून माझ्याच टेबलावर होतं. एक आकडा खोडून सही केली असती तर झालं असतं. पण शेजारचे सर समोरच बसले होते. मी गुणपत्रक तसंच ऑफिसात दिलं. घरी गेलो, जेवलो, झोपलो. झोप लागली.

तिनं परत परीक्षा दिली नाही. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली, असं कुणीतरी सांगितलं.

मागच्या महिन्यात मी दातिवऱ्याला तिच्या घरी गेलो. तिनं ओळखलं, खुर्ची दिली. तुझं उत्तर बरोबर होतं, असं मी सांगितलं.

"ते मला म्हाईत हाय, सर. तुमाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर."



"मला वाटायचं, तुमाला येतच नाय," ती म्हणाली. "आईलापण मी तेच सांगितलेलं. सरांना येत नाय, त्यांचा काय दोष."

मग ती आत गेली. मी थोडा वेळ बसून राहिलो. ती बाहेर येत नाही हे कळल्यावर उठलो.