बदल फक्त दोन वेळा

एका ईमेलवर पानभर लिहायला बसलोय, याचं माझं मलाच ओशाळवाणं वाटतं. आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिला. त्यामुळे पुस्तकात छापावं असं आपल्याकडे काही असेल, ही कल्पनाच कधी आली नव्हती. तरी त्या वर्षीचा तो घोळ मला अजून नीट उलगडलेला नाही. वाचणाऱ्याला उलगडला तर बरंच आहे. नाहीतर सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी शहरात पत्रकारितेचं शिकत होतो आणि अर्धा दिवस गुलमंडीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो. स्टुडिओ ज्यांचा, त्यांना सगळे दादाच म्हणायचे. दुष्काळाचं वर्ष होतं. देवगाव रंगारीकडची आमची माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेली होती आणि खेड्यांतली लग्नं पुढच्या वर्षावर ढकलली जात होती. दादांच्या वहीत तारखा दिसत नव्हत्या. दुसरा कॅमेरा विकायचा का, हे त्यांच्या मनात चाललं होतं. लासूर स्टेशनचा एकजण घ्यायला तयारही होता.

शहर मात्र वाढतच होतं. वाळूजच्या एका कारखान्यातल्या मॅडमचा फोन आला. त्या तिथं एचआर बघायच्या. परदेशी ग्राहक कारखाना बघायला येणार, त्यांच्यासाठी तीन मिनिटांची फिल्म हवी, कोटेशन मेलवर पाठवा, म्हणाल्या.

दादा मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस नं? मग लिही. हे काम मिळालं तर कॅमेरा राहिला. नाय मिळालं तर लासूरवाल्याला होकार देतो."

मी दोन दिवस ती मेल लिहिली. किंमत नव्वद हजार. त्यात स्क्रिप्ट, दोन दिवसांचं शूटिंग, मराठी आणि इंग्रजी निवेदन, संगीताचा परवाना आणि एडिटिंग. निम्मी रक्कम ऑर्डरसोबत. स्क्रिप्ट मंजूर झाल्यावर पाच दिवसांत शूटिंग, त्यानंतर सात दिवसांत पहिला कट, म्हणजे कच्ची फिल्म. तुमच्याकडून सूचना यायला लागतील ते दिवस यात धरलेले नाहीत, हेही लिहिलं. आणि शेवटी, वर्गात सरांनी सांगितलं होतं म्हणून, लिहिलं की बदलांच्या दोन फेऱ्या किमतीत आहेत. प्रत्येक फेरीच्या सूचना एकाच माणसानं एकत्र करून एकाच मेलमध्ये द्याव्यात. तिसऱ्या फेरीपासून आणि नव्यानं शूटिंग लागलं तर वेगळा आकार पडेल.

दादांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"असं लिहितेत व्हय कुणाला? आपल्याकडं नवरीचा मामा येऊन बसतो. मला तीनच सेकंद दाखवलं म्हणतो. आपण चहा पाजून सहा सेकंद करतो."

"दादा, कंपनीत असंच चालतं म्हणं."

"म्हणं! तू कधी गेलास कंपनीत?"

"नाय."

"मी बी नाय. धाड मग."

मेल गेली. मग काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. आमच्याकडे गप्प राहणं म्हणजे नाही, असा साधा हिशोब असतो. सोयरिकीत तर नक्कीच. कंपनीत गप्प राहण्याचा अर्थ काय, हे कुणी शिकवलं नव्हतं. फोन करावा तर मागं लागल्यासारखं दिसेल, न करावा तर गरज नाही असं वाटेल. दादा रोज जिन्यातूनच विचारायचे, "काय वकीलसाहेब, आली का तुमच्या कलमांवर सही?" ते हसायचे, पण हसून झालं की दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बघायचे. मला वाटायला लागलं, ती दोन फेऱ्यांची ओळच नडली. इतक्या मोठ्या कंपनीला आपण अटी घालतो म्हणजे काय!

अकराव्या दिवशी मी दादांना न विचारता दुसरी मेल पाठवली. किंमत सत्तर हजार आणि 'बदल आपलं समाधान होईपर्यंत, कितीही'. वर नम्रपणे लिहिलं की आधीच्या मेलमध्ये काही उद्धटपणा झाला असल्यास क्षमा असावी.

संध्याकाळी दादांना सांगितलं.

"कुणी मागितलं होतं का कमी कर म्हणून?"

"नाय."

"मग?"

मी अर्धं राहिलेलं एक लग्न एडिटिंगला उघडलं.

तीन दिवसांनी मॅडमचं उत्तर आलं. एकच ओळ होती. दोनपैकी कोणतं कोटेशन ग्राह्य धरायचं, ते आज कळवा. मी ती ओळ वीसेक वेळा वाचली असेल. नव्वद म्हणावं तर हावरटपणा, सत्तर म्हणावं तर पहिल्या मेलमध्ये खोटं बोललो असं होतं. दादा एका बारशाला गेलेले, त्यांचा फोन लागेना. आणि 'आज' संपत चालला होता. मोठ्या माणसानं विचारलं की निर्णय त्यांच्यावर सोडावा, असं मला लहानपणापासून माहीत. मी लिहिलं: 'आपल्याला योग्य वाटेल ते. आम्हाला दोन्ही मान्य आहे.'

त्या वेळी ते मला फार शहाणपणाचं उत्तर वाटलं होतं.

पुढचा आठवडा पुन्हा गप्प गेला. शेवटी मॅडमचा फोन मलाच आला. आवाजात राग नव्हता, म्हणून मला आधी बरंच वाटलं.

"अरे, तू दुसरी मेल का पाठवलीस?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, ती अट तुम्हाला आवडली नसंल असं वाटलं. दोनच फेऱ्यांची."

"त्या अटीमुळेच तर मी तुमचं नाव धरून बसले होते. मागच्या फिल्मला आमच्या सहा साहेबांनी मिळून चौदा वेळा बदल काढले. एकाला रंग नको, दुसऱ्याला तोच हवा, आणि मध्ये मी. तुझी मेल मी सगळ्यांना दाखवली. म्हटलं, बघा, दोनदाच बोलायचं, तेही माझ्याकडे. सगळे कबूल झाले होते."

"मग उत्तर का नाही आलं?"

"तीन कोटेशन आल्याशिवाय पर्चेसवाले पुढं जात नाहीत. तिसरं, पुण्याचं, यायला बारा दिवस लागले."

मी अकराव्या दिवशी मेल पाठवली होती.

"मग पर्चेसनं विचारलं, न मागता एकदम वीस हजार कसे उतरले? आधीचा आकडा फुगवलेला होता का? मी म्हटलं, नवीन मुलं आहेत, एकदा विचारू. तर तू लिहिलंस, दोन्ही मान्य. दोन दरांवर ऑर्डर निघत नाही रे बाबा. एकच आकडा लिहिला असतास, कुठलाही, तरी मी तुमच्यासाठी भांडले असते."

मी व्हय व्हय म्हणत राहिलो. दादा समोरच बसले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मी विचारलं, "मग आता कोणता लिहू, मॅडम?"

"आता नको लिहू," त्या म्हणाल्या. "ऑर्डर काल पुण्याच्या लोकांना गेली."