गेटाचा हिरवा रंग

दिवाळी झाली की जांभूळ गावी आमच्या शेतात देशावरचे धनगर येऊन उतरतात. माझ्या सात मेंढ्या त्यांच्याकडूनच घेतलेल्या. सासूबाईही मूळच्या देशावरच्या. माहेरचं घोंगडं पाठीखाली असल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. ते विरून पार चाळण झालं, तेव्हा म्हणाल्या, "आपल्याच मेंढ्यांचं एक होऊ दे. मग डोळे मिटले तरी चालतील."

माझ्या मेंढ्या धनगरांच्या कळपातच चरतात. त्यांना प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखू येते, मला कुठली येणार? मी पडले अतिशहाणी. गेट रंगवून उरलेला ऑइलपेंट घेतला आणि सातही पाठींवर हिरवे पट्टे ओढले. कुणाला विचारेन तर शपथ!

फाल्गुनात, ऊन तापायच्या आत, कातरणी ठरली. धनगरीण मामींनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस आधी मेंढ्या धुतल्या आणि स्वच्छ गवतावर वाळू दिल्या, कारण ओली लोकर कातरून ठेवली की कुबट होते. आदल्या रात्री चाराही दिला नाही. भरल्या पोटी आडवी पाडलेली मेंढी धापा टाकते.

मामींनी ताडपत्री अंथरली, पहिली मेंढी आडवी केली आणि पाठ पाहून कातर खाली ठेवली.

"वैनी, ह्यो रंग कशाचा?"

"गेटाचा."

"आगं बया! पाठीचीच तर लोकर चांगली. आन् ह्यो रंग धुऊन न्हाई जायाचा."

"वरची टोकं कापून टाकली तर?"

"मग आखूड धागा ऱ्हातो. कातताना तुटतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामी मात्र रागावल्या नाहीत. डाव्या हातानं कातडी ताणून धरत, कातर कातडीलगत चालवत, लोकर एका घावात सोडवू लागल्या. एखादी जागा उंच राहिली तरी तिथं दुसऱ्यांदा कातर फिरवली नाही. त्यानं नुसता भुगा पडतो, म्हणाल्या. पोटाची, शेणानं माखलेली लोकर वेगळी. हिरवी वेगळी. खांद्याची आणि कुशीची तेवढी कापडी पिशवीत. माझ्या हातात त्यांनी हिरवा ढीग दिला, टाकून यायला. तोच सगळ्यात मोठा होता.

विणकरानं पिशवी उचलूनच सांगितलं, यात पुरं घोंगडं बसायचं नाही. पुढची कातरणी पावसाळ्यानंतर. सासूबाई म्हणाल्या, "तोवर कोण थांबतंय? होईल तेवढं विणा."

झालं ते कमरेएवढं. मी आणलं, त्यांच्यासमोर अंथरलं आणि माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं गप्प केलं. लोकर चाचपली, वास घेतला, "मऊ आहे गं," म्हणाल्या. मग त्यावर आडव्या झाल्या, पाय पोटाशी घेतले, मान आत ओढली आणि त्या तेवढ्यात मावेपर्यंत अंग आखडत राहिल्या.